फोटो एकाचाच, पण अल्बम चाळीस जणांचा

प्रश्न: ताईच्या लग्नाचा गूगल फोटोजवर शेअर्ड अल्बम आहे. नागपूर, अमरावती, पुणे मिळून चाळीसेक नातेवाईक त्यात आहेत. फोनमध्ये जागा नाही म्हणून त्यातला एक फोटो मला फक्त माझ्याकडून काढायचाय, बाकीच्यांना दिसत राहिला पाहिजे. दुसरा एक फोटो मात्र अल्बममधून काढायचाय, पण माझ्याकडे ठेवायचाय. Delete दाबलं तर नेमकं काय होतं?

थोडक्यात सांगतो, मग कारण सांगतो. पहिला फोटो अल्बममध्ये तुम्हीच टाकला असेल, तर Delete दाबू नका, तो चाळीसही जणांकडून जाईल. तुम्हाला फोनमधली जागा हवी आहे, त्यासाठी Delete from device नावाचं वेगळं बटण आहे. दुसऱ्या फोटोसाठी अल्बम उघडा, त्या अल्बममधूनच तो फोटो उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून Remove from album निवडा. फोटो अल्बममधून जाईल, तुमच्याकडे राहील.

आता सगळं ज्यावर अवलंबून आहे तो मुद्दा: अल्बममधला फोटो कोणी टाकला? बरेच जण समजतात की अल्बम माझ्या फोनमध्ये दिसतो म्हणजे त्यातले फोटो माझ्याकडे आहेत. तसं नाही. आत्यानं टाकलेला फोटो आत्याच्याच खात्यात आहे, तुम्हाला तो नुसता दिसतोय. ओळखायची सोपी खूण आहे. अल्बममधून फोटो उघडा. ढगाचं आणि खाली जाणाऱ्या बाणाचं चिन्ह, म्हणजे Save, दिसलं तर तो फोटो दुसऱ्याचा आहे आणि तुमच्या लायब्ररीत अजून आलेला नाही. तो तुमच्याकडून काढायचा प्रश्नच नाही, कारण तो तुमची जागा खातच नाही. मागे कधी तुम्ही Save दाबलं असेल, तर त्याची तुमची वेगळी प्रत तयार झालेली आहे. ती प्रत तुमच्या Photos च्या मुख्य पानावर तारखेप्रमाणे सापडेल. तिथून ती खुशाल काढा, अल्बममधल्या आत्याच्या फोटोला काहीही होत नाही.

अडचण येते ती फोटो तुमचा स्वतःचा असतो तेव्हा.

गूगल फोटोजमध्ये अल्बम म्हणजे फोटो ठेवायची पेटी नाही. लग्नाच्या आमंत्रणाची यादी करतो ना, तसा तो आहे. यादीतून एखाद्याचं नाव खोडलं म्हणून तो माणूस कुठे जात नाही, आपल्या घरी सुखरूप असतो. पण तो माणूसच गाव सोडून गेला, तर ज्या ज्या यादीत त्याचं नाव होतं त्या सगळ्या याद्यांतून तो गळतो. Remove from album म्हणजे एका यादीतून नाव खोडणं. Delete, किंवा काही फोनवर Move to bin, म्हणजे माणूसच हलवणं. फोटो एकच असतो, तुमच्या खात्यात. बाकी सगळीकडे त्याच्याकडे बोट दाखवलेलं असतं. म्हणून मुख्य पानावरून फोटो डिलीट केला की तो तुमच्या त्याच खात्याला जोडलेल्या दुसऱ्या फोनवरून, टॅबवरून, कॉम्प्युटरवरून जातो आणि गूगल फोटोजमध्ये जिथे जिथे शेअर केलेला होता त्या सगळ्या अल्बममधूनही जातो.

नागपुरात सीताबर्डीत माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि डेटा काढून देण्याचं छोटं दुकान आहे. या गोंधळाची गिऱ्हाइकं लग्नसराई संपली की येतात. गेल्या उन्हाळ्यात महाल भागातल्या एक ताई आल्या. बाहेर ऊन रणरणतं, त्या कूलरसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि पहिलं वाक्य, "भाऊ, मी माझ्याच फोनमधले फोटो काढले, तर सगळ्यांचे काहून गेले?" झालं असं होतं की भावाच्या लग्नाच्या अल्बममध्ये हळदीचे सगळे फोटो त्यांनीच घातलेले होते, 31 फोटो. फोन 64 जीबीचा, सारखा 'जागा संपली' म्हणून ओरडत होता. त्यांनी विचार केला, फोटो अल्बममध्ये आहेतच, आता फोनमध्ये कशाला? मुख्य पानावर 31 फोटो निवडले, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं. फोननं खाली एक सूचनाही दाखवली असणार, पण अशा सूचना वाचतो कोण. संध्याकाळी अमरावतीहून आत्याचा फोन, हळदीचे फोटो कुठे गेले म्हणून. आत्याला वाटलं मुद्दाम काढले, कारण हळदीच्या दिवशी थोडी कुरबूर झाली होती. म्हणजे फोटो गेले ते गेलेच, वर रुसवेफुगवे.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा 9 दिवस झाले होते. हा आकडा महत्त्वाचा आहे. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो 60 दिवस Bin मध्ये राहतो, काही फोनवर त्याला Trash लिहिलेलं असतं. बॅकअप न झालेला फोटो मात्र 30 दिवसच राहतो. शेअर्ड अल्बममधला फोटो खात्यात चढलेला असतोच, त्यामुळे ताईंच्या हातात 51 दिवस शिल्लक होते. Bin उघडलं, 31 च्या 31 निवडले, Restore दाबलं. फोटो त्यांच्या मुख्य पानावर परत आले आणि अल्बममध्येही आपापल्या जागी आले, वेगळे टाकावे लागले नाहीत. मी त्यांना तिथेच आत्याला फोन लावायला सांगितलं. आत्यानं अल्बम उघडून पाहिला आणि हळदीची वाटी हातात घेतलेला स्वतःचा फोटो आहे की नाही, आधी तेवढंच विचारलं. होता.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. वर्धा रोडकडचे एक काका आले होते, त्यांनी डिलीट करून वर Empty bin पण दाबलं होतं, कारण Bin भरलेलं पाहून त्यांना ते घाणेरडं वाटत होतं. त्यानंतर माझ्यासारख्या माणसाच्या हातात काही राहत नाही. त्यांचे काही फोटो मिळाले ते केवळ त्यांच्या पुतण्यानं आधी Save दाबून ठेवले होते म्हणून. Save केलेली प्रत ही पुतण्याची स्वतःची असते. काकांनी काहीही केलं तरी तिला धक्का लागत नाही.

आता तुमच्या जागेच्या प्रश्नाकडे येऊ. मी गिऱ्हाइकाला नेहमी विचारतो, नक्की कोणती जागा संपलीय? फोनची की खात्याची? दोन्ही सूचना सारख्याच दिसतात आणि लोक त्या एकाच डब्यात टाकतात. फोनची जागा म्हणजे 64 किंवा 128 जीबी, जी तुम्ही फोन घेताना पैसे देऊन घेतली. खात्याची जागा म्हणजे गूगलकडची फुकट 15 जीबी, त्यात फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह तिघं मिळून राहतात. 1 जून 2021 पासून नवीन चढवलेले फोटो या 15 जीबीत मोजले जातात, त्याआधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले मोजले जात नाहीत.

तुम्ही लिहिलंय की फोनमध्ये जागा नाही. मग काम सोपं आहे. फोटो उघडा, वर सरकवा, तपशिलात बॅकअप झाल्याची खूण आहे का ते बघा. आहे, तर तीन टिंबांच्या मेनूत Delete from device दिसेल. ते दाबलं की फोनमधली फाइल जाते, खात्यातला फोटो तसाच राहतो, अल्बम तसाच राहतो, चाळीस जणांना काही कळतही नाही. तुम्हालाही तो ॲपमध्ये दिसत राहील, फक्त उघडायला नेट लागेल. एकेक करत बसायचं नसेल तर तुमच्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून Free up space निवडा, ते बॅकअप झालेल्या सगळ्यांसाठी हेच काम करतं. मेनूत Delete from device दिसतच नसेल, तर समजा की एकतर बॅकअप झालेला नाही किंवा फोनमध्ये त्याची फाइल आधीच नाही. दोन्ही वेळा पुढे जाऊन डब्याचं चिन्ह दाबायचा मोह आवरा.

इथे एक बारीक फट आहे. काही जण गूगल फोटोज उघडतच नाहीत, फोन कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीतून फोटो काढतात. तेव्हा आधी काही होत नाही, फोटो अल्बममध्ये दिसत राहतो आणि माणूस निश्चिंत होतो. मग एखाद्या दिवशी गूगल फोटोज विचारतं, Review out of sync changes, म्हणजे फोनमधून गेलेले हे फोटो खात्यातूनही काढायचे का. गडबडीत हो म्हटलं की तेच होतं जे महालातल्या ताईंचं झालं, फक्त महिनाभर उशिरा. आणि एवढ्या उशिरा कारण कोणाला आठवत नाही. म्हणून तो प्रश्न आला की थांबा, यादीत अल्बमचे फोटो आहेत का ते बघा.

आता दुसरी शक्यता, जागा खात्याची संपलीय. एक फोटो साधारण 4 एमबीचा धरू. 15 जीबीत असे साडेतीन हजारांहून जास्त फोटो मावतात. एक फोटो काढून काहीही मिळत नाही. त्या ताईंनी 31 फोटो काढून आत्याला रडवलं, तेव्हा खात्यात सुमारे सव्वाशे एमबी मोकळे झाले असते, म्हणजे एक टक्काही नाही. वरातीत काढलेला चार-के मधला एका मिनिटाचा व्हिडिओ फोनच्या सेटिंगप्रमाणे दोन-तीनशे एमबी सहज खातो. खात्याच्या जागेसाठी आधी व्हिडिओ बघा. गूगल फोटोजमध्ये स्टोरेज सांभाळायच्या पानावर मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात.

तरीही एखाद्याला तो फोटो खरोखरच आपल्या खात्यात नको असतो. आणि बाकीच्यांसाठी मात्र राहू द्यायचा असतो. गूगल फोटोजमध्ये असं एक बटण नाही, कारण फोटो एकच आहे आणि तो तुमच्याकडे आहे. मग मालक बदलावा लागतो. माझी पद्धत अशी आहे. फोटो तुमच्या ताईला व्हॉट्सॲपवर पाठवा, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जाते, काढल्याची तारीखही आत राहते, त्यामुळे अल्बममध्ये तो मांडवाच्या फोटोंच्या मागे न जाता हळदीच्या फोटोंमध्येच बसतो. ताईनं तो स्वतःच्या गूगल फोटोजमध्ये चढवायचा आणि अल्बममध्ये जोडायचा. आता अल्बममध्ये तोच फोटो दोनदा दिसला पाहिजे. अल्बममधला फोटोंचा आकडा एकानं वाढला का ते बघा, नुसता डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यातला जो ताईचा आहे तो तुम्ही उघडला तर वर सांगितलेलं Save चं चिन्ह दिसेल. दोन्ही खुणा पटल्या की मगच तुमचा फोटो डिलीट करा. एक जाईल, एक राहील.

फक्त डोळ्यांसमोर नको असेल, जागेशी देणंघेणं नसेल, तर एवढा खटाटोप नको. Archive करा. मुख्य पानावरून दिसेनासा होतो, अल्बममध्ये राहतो. ज्यांचं लग्नानंतर कोणाशी फाटलंय अशा बऱ्याच जणांना मी हेच सांगतो, कारण रागात डिलीट केलेला फोटो दोन महिन्यांनी परत मागायला माणूस येतोच.

तुमचा दुसरा फोटो, जो अल्बममधून काढून स्वतःकडे ठेवायचाय. तो तुम्ही टाकलेला असेल तर Remove from album पुरेसं आहे आणि त्यात धोका काही नाही. दुसऱ्यानं टाकलेला असेल आणि अल्बम तुम्ही बनवलेला नसेल, तर तुम्हाला तो काढताच येणार नाही. ज्यानं अल्बम बनवला तो कोणाचाही फोटो अल्बममधून काढू शकतो, बाकीचे फक्त आपापले. त्यामुळे कोणाकडून तरी काढून घ्यायचा असेल तर दोनच माणसं कामाची: ज्यानं टाकला तो, किंवा अल्बमचा मालक. मालकानं काढला तरी तो टाकणाऱ्याच्या खात्यात राहतो, हे विसरू नका. आणि तुम्हाला तो स्वतःकडे हवा असेल, तर काढायला सांगण्याआधी Save दाबून घ्या. नंतर दाबायला काही उरत नाही.

एका गोष्टीबद्दल खोटी आशा देत नाही. फोटो नको असण्याचं कारण असं असेल की तो कोणीच पाहू नये, म्हणजे कोणाचा पदर सरकलाय, कोणी ग्लास हातात धरलाय वगैरे, तर Remove from album अपुरं आहे. तोच फोटो तुम्ही आणखी एका अल्बममध्ये टाकला असेल किंवा वेगळी लिंक बनवून पाठवला असेल, तर तिथे तो चालूच राहतो. अशा वेळी पूर्ण डिलीट केलेलंच बरं, कारण त्यानं गूगल फोटोजमधली सगळी ठिकाणं एकदम बंद होतात. स्वतःसाठी हवा असेल तर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि ज्यांनी Save केला, स्क्रीनशॉट घेतला किंवा घरच्या ग्रुपवर टाकला, त्यांच्यापर्यंत तुमचं कोणतंच बटण पोहोचत नाही. तिथे फोन उचलून "मामी, तेवढा काढा ना" म्हणावं लागतं.

घरात कोणाकडे आयफोन असेल तर हा सगळा हिशेब उलटा फिरतो, आणि माझ्याकडे येणारे निम्मे गोंधळ इथलेच असतात. ॲपलच्या Shared Albums मध्ये फोटो टाकला की त्याची वेगळी प्रत बनते, लांब बाजूला 2048 पिक्सेलपर्यंत लहान केलेली. ती आयक्लाउडच्या जागेत मोजली जात नाही. म्हणून आयफोनवर स्वतःच्या लायब्ररीतून फोटो डिलीट केला तरी शेअर्ड अल्बममधला राहतो. नेमकं तेच जे तुम्हाला हवंय. पण ज्याला याची सवय झाली तो गूगल फोटोजवर आला की फसतो. शिवाय तिथली लहान प्रत म्हणजे मूळ फोटो नव्हे, मूळ काढून टाकला तर 20 बाय 30 इंची फ्रेमसाठी काढलेली प्रिंट धूसर येते, हे मी सदर भागातल्या एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत पाहिलंय. आणि शेअर्ड अल्बमच्या आतून काढलेला फोटो मात्र सगळ्यांकडून जातो, तो परत आणता येईल या भरवशावर राहू नका.

त्यात भर म्हणजे 2022 मध्ये आयओएस 16.1 सोबत आलेली Shared Photo Library. ती जास्तीत जास्त 6 जणांची असते आणि तिथे खरोखरच एकच सामायिक लायब्ररी असते. तिथे कोणीही डिलीट केलं की सहाही जणांकडून जातं. Recently Deleted मधून परत आणायचा हक्क मात्र ज्यानं तो फोटो टाकला त्यालाच. म्हणजे जावयानं चुकून काढलेला सासूबाईंचा फोटो सासूबाईंच्याच फोनवरून परत आणावा लागतो.

शेवटची एक सूचना, कारण तुमच्यासारखे प्रश्न विचारणारे पुढे वैतागून हेच करतात. अल्बमचा कंटाळा आला म्हणून Leave album दाबू नका. बाहेर पडताना तुम्ही टाकलेले फोटो आणि कमेंट तुमच्याबरोबरच अल्बममधून जातात. सूचनांचा त्रास असेल तर त्या अल्बमच्या सूचना बंद करा. आणि यातल्या कशाची खात्री पटत नसेल, तर उद्या सकाळी तर्री-पोह्याच्या प्लेटचा एक फोटो काढा, ताईबरोबर दोघांचाच एक अल्बम बनवून त्यात टाका, मग तो मुख्य पानावरून डिलीट करून ताईला अल्बम बघायला सांगा. नंतर Bin मधून Restore करून परत बघायला सांगा. पोहे थंड व्हायच्या आत होतं.